गव्हाळ-सावळ्या रंगाला लिपस्टिक: ऑफिसची वेगळी, संध्याकाळची वेगळी

लिपस्टिक घ्यायला दुकानात गेलात की एक सल्ला हमखास मिळतो. ऑफिससाठी फिकट घ्या, समारंभासाठी गडद घ्या. ऐकायला अगदी सोपा, पण गव्हाळ किंवा सावळा रंग असलेल्या आपल्यासारख्या कित्येक जणींना हाच सल्ला महागात पडतो. हौसेनं घेतलेली फिकट 'न्यूड' लावली की चेहरा चार दिवसांच्या तापातून उठल्यासारखा दिसतो. आणि समारंभासाठी घेतलेली गडद मरून फोटोत चक्क काळी येते. मग दोन्ही लिपस्टिक्स ड्रॉवरमध्ये जातात आणि आपण म्हणतो, "मला बाई लिपस्टिक शोभतच नाही."

शोभते. फक्त 'फिकट' आणि 'गडद' हे दोन शब्द थोडा वेळ बाजूला ठेवूया. मधल्या तपकिरी रंगाच्या त्वचेसाठी ऑफिसच्या आणि संध्याकाळच्या शेडमधला खरा फरक गडदपणात कमी आणि रंगाच्या तेजात जास्त असतो. म्हणजे दोन्ही शेड्स साधारण तितक्याच खोल असू शकतात. ऑफिसची थोडी मातकट, शांत असते आणि संध्याकाळची तीच जरा रसरशीत. हे कसं, ते सावकाश बघू.

आधी ओठ बघा, मग लिपस्टिक

सकाळी तोंड धुतल्यावर, काहीही न लावता, खिडकीपाशी आरसा घेऊन उभ्या राहा. तुमचा वरचा ओठ आणि खालचा ओठ एकाच रंगाचा आहे का? आपल्यापैकी बहुतेकींचा नसतो. वरचा ओठ जास्त तपकिरी किंवा जांभळट असतो, खालच्या ओठाचा मधला भाग गुलाबीसर असतो आणि दोन्ही ओठांच्या कडेला एक गडद रेघ असते. यात काही बिघडलेलं नाही. त्वचेत जे मेलॅनिन असतं तेच ओठांतही असतं, इतकंच.

लिपस्टिक लावतो तेव्हा ती या रंगावर बसते, कोऱ्या कागदावर नाही. म्हणून जाहिरातीतल्या मुलीवर जी शेड पीच दिसते ती आपल्यावर पीच दिसत नाही. पातळ, चकचकीत फॉर्म्युला असेल तर खालचा ओठांचा रंग बराचसा वर येतो आणि शेड तपकिरीकडे झुकते. दाट मॅट असेल तर खालचा रंग झाकला जातो, पण वरच्या ओठावर ती शेड नेहमी अर्धी पायरी गडद दिसते.

आता न्यूड राखट का दिसते, त्याकडे वळू. फिकट शेड बनवायची तर रंगात पांढरं मिसळावं लागतं आणि लिपस्टिकमध्ये हे पांढरं म्हणजे मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड. शाळेतली पाटी आठवा. ओल्या फडक्यानं पुसली तरी वाळल्यावर काळ्या पाटीवर खडूचा एक पातळ, राखाडी थर उरायचा. खडू पांढरा, पाटी काळी, पण दिसायचं मात्र करडं-निळसर. तपकिरी ओठांवर पांढरट न्यूडचं नेमकं हेच होतं. गोऱ्या, गुलाबी ओठांवर तोच थर सहज मिसळून जातो. म्हणून ती शेड तिकडे 'नैसर्गिक' आणि इकडे आजारी.

बॉक्सवरची घटकांची यादी वाचून हे कळेल का? नाही कळत. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे सी.आय. ७७८९१, बहुतेक सगळ्या बॉक्सवर सापडेल, कारण एका रेंजमधल्या सगळ्या शेड्ससाठी रंगांची यादी बऱ्याचदा एकच छापलेली असते. कोणत्या शेडमध्ये किती, ते त्यात नसतं. त्यापेक्षा दुकानातच एक साधी परीक्षा करा. टेस्टरचा वरचा थर टिश्यूनं पुसून घ्या, बोटाच्या पेरावर एक रेघ ओढा आणि दुसऱ्या बोटानं तिची एक बाजू घासून अगदी पातळ करा. पातळ झालेली कड तपकिरी-लालसर, पारदर्शक दिसली तर शेड आपल्या ओठांशी जमवून घेईल. कड पांढुरकी, पावडर सांडल्यासारखी दिसली तर ती तिथेच ठेवून द्या. रेघ मनगटावर किंवा हाताच्या मागच्या बाजूला ओढू नका. तिथली त्वचा ओठांसारखी नसते. बोटाचं पेर त्या मानानं ओठांच्या रंगाच्या जास्त जवळ असतं.

आणि टेस्टर थेट ओठांना लावू नका, सेल्सगर्लनं कितीही आग्रह केला तरी. कितीजणींच्या ओठांवरून ती कांडी फिरलेली असते देव जाणे.

किती खोल शेड घ्यायची?

याला माझ्याकडे एक फुकटातला उपाय आहे. शेड लावून खिडकीच्या उजेडात फोटो काढा, ब्यूटी फिल्टर बंद ठेवून. मग फोनमध्येच तो फोटो कृष्णधवल करा. रंग निघून गेला की फक्त फिकट-गडद उरतं. आता ओठ आणि गाल यांच्याकडे बघा. ओठ गालापेक्षा फिकट दिसत असतील तर ती शेड तुमच्यासाठी फार पांढरट आहे, मग तिचं नाव काहीही असो. ओठ गालाइतकेच किंवा थोडेसे गडद दिसले तर ती तुमची रोजची शेड. ओठ एकदम काळ्या पट्टीसारखे दिसले तर संध्याकाळच्या मंद दिव्यात ती शेड काळीच वाटणार आहे, हे आत्ताच समजून घ्या.

म्हणजे आपली 'न्यूड' शेड ही आपल्या ओठांच्या रंगाची किंवा त्याहून एखादी पायरी खोल असते. बाजारात जिला न्यूड म्हणतात ती बेज आपली न्यूड नसते. आपली न्यूड विटकरी, दालचिनीसारखी किंवा तपकिरी-गुलाबी.

इथे मला आपल्या साडीच्या दुकानातली भाषा लिपस्टिकच्या इंग्रजी नावांपेक्षा जास्त उपयोगी वाटते. न्यूड, रोझवूड, मॉव्ह या नावांनी प्रत्येक कंपनी वेगळंच काही विकते. पण विटकरी, गाजरी, अबोली, डाळिंबी, वांगी, राणी म्हटलं की इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, मराठी घरातल्या आजीलाही नेमका रंग डोळ्यांसमोर येतो. म्हणून ही यादी याच भाषेत डोक्यात ठेवा. ऑफिससाठी विटकरी, तपकिरी-गुलाबी, फिकी वांगी. संध्याकाळसाठी डाळिंबी, कुंकवाचा लाल, दाट राणी. अबोली आणि फिकट बेबी पिंक यांच्यापासून जरा जपून, कारण त्यांच्यात पांढरं भरपूर असतं. अबोली रंग मनापासून आवडतच असेल तर गाजरीकडे झुकणारी, दाट अबोली शोधा.

थंड की उबदार, दोन लाल लावून बघा

अंडरटोन ओळखायला मनगटाच्या शिरा बघा, निळ्या दिसल्या तर थंड, हिरव्या दिसल्या तर उबदार, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तपकिरी त्वचेवर ही खूण फारशी कामाची नाही. आपल्याला शिरा धड निळ्याही दिसत नाहीत आणि धड हिरव्याही नाहीत, कित्येकींना तर दिसतच नाहीत.

त्यापेक्षा दोन लाल रंग घ्या. एक निळसर झाक असलेला, साधारण डाळिंबी. दुसरा केशरी झाक असलेला, शेंदराकडे जाणारा. लिपस्टिक नसेल तर या रंगांच्या ओढण्यासुद्धा चालतील. दिवसाच्या उजेडात एकेक करून हनुवटीखाली धरा आणि रंगाकडे लक्ष न देता डोळ्यांखालच्या भागाकडे बघा. ज्या लाल रंगामुळे डोळ्यांखालची वर्तुळं आणि ओठांच्या कडेचा काळसरपणा जास्त उठून दिसतो तो तुमचा नाही. केशरी लाल धरल्यावर चेहरा तजेलदार दिसला तर विटकरी, गाजरी, गंजासारख्या शेड्स तुम्हाला शोभतील. डाळिंबी लालनं दिसला तर वांगी, वाईन, बोरासारख्या शेड्स. आपल्यात असंख्य जणी मधल्या असतात, थोडा सोनेरी, थोडा हिरवट वर्ण. त्यांना दोन्हीकडचे रंग चालतात, फक्त टोकाचे नको.

तयार शेड्सची उदाहरणं हवी असतील तर मॅकची 'चिली' ही तपकिरी-केशरी लाल, म्हणजे उबदार बाजूची. त्यांचीच 'रूबी वू' निळसर लाल. मेबेलिनची 'टच ऑफ स्पाइस' ही मळकट गुलाबी, ऑफिसच्या बाजूची. मी ही नावं तुम्ही हेच विकत घ्यावं म्हणून सांगत नाही. दुकानात गेल्यावर या तिघींच्या रेघा बोटावर शेजारी शेजारी ओढून बघितल्या की केशरी लाल, निळसर लाल आणि मळकट गुलाबी म्हणजे काय ते एकदाच नीट कळतं. मग पुढे शंभर रुपयांच्या लिपस्टिकमध्येही तोच रंग ओळखता येतो.

ऑफिसची ट्यूबलाइट आणि हॉलचे पिवळे दिवे

आता उजेडाकडे येऊ, कारण शेड दुकानात एक दिसते आणि ऑफिसात दुसरी, यामागचं निम्मं कारण तिथले दिवे असतात.

आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत, बँकांत, शाळांच्या स्टाफरूममध्ये पांढऱ्या ट्यूब किंवा एलईडी पॅनल असतात. त्यांचा उजेड निळसर असतो आणि स्वस्तातल्या एलईडीत लाल रंग नीट दाखवण्याची ताकद कमी असते. अशा उजेडात तपकिरी त्वचेतली उब कमी होते, चेहरा जरा फिका, पिवळट-करडा दिसतो. त्यात पांढरट गुलाबी लिपस्टिक लावली तर करड्यात आणखी करडं. म्हणून ऑफिसच्या शेडमध्ये लाल-तपकिरी रंगाचा अंश हवाच. आरशात घरी ती 'जरा जास्तच झाली' वाटली तरी ट्यूबखाली ती बरोबर बसते.

लग्नाच्या हॉलमध्ये, रेस्टॉरंटमध्ये उलट असतं. तिथे पिवळे दिवे. पिवळ्या उजेडात निळा अंश कमी असतो, त्यामुळे लाल आणि केशरी रंग उजळतात, पण ज्या शेडमध्ये निळं-जांभळं जास्त आहे ती मावळते. दुकानात सुंदर जांभळी दिसलेली वाईन शेड हॉलमध्ये तपकिरी दिसते ती याचमुळे. दिवे मंद असतील तर आणखी एक गोष्ट घडते. कमी उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग सगळ्यात आधी काळपट दिसायला लागतो. संध्याकाळी बागेतली लाल जास्वंद पानांच्या आधी काळी दिसायला लागते, ते पाहिलं असेल तुम्ही. म्हणून मंद उजेडाच्या समारंभात खूप गडद मरून लावणं म्हणजे ओठ मिटवून टाकणं. तिथे खोलीपेक्षा तेज हवं.

एकाच दिवशी दोन्ही: इंदूरची बँक आणि संध्याकाळचं रिसेप्शन

माझी मावसबहीण इंदूरला बँकेत आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या मैत्रिणीचं रिसेप्शन कामाच्या दिवशी होतं. दिवसभर काउंटरवर बसायचं, साडेसहाला घरी, कपडे बदलून आठला हॉलवर. साडी ठरलेली, आईची मोरपंखी पैठणी, राणी रंगाचे काठ. तिच्याकडे तीन लिपस्टिक्स होत्या. एक पीच-बेज न्यूड, एक बेबी पिंक आणि एक काळपट मरून. "यातलं काय लावू सांग," म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर हे ठरवायचं नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं. फोनचा कॅमेरा आपल्या मनानं पांढऱ्याचा तोल सांभाळतो, त्यामुळे शेड दर मिनिटाला बदलते. तिला रविवारी सकाळी खिडकीपाशी तिन्ही लिपस्टिक्स लावून एकेक फोटो काढायला सांगितलं, चौथा फोटो नुसत्या ओठांचा. तिचा वर्ण गव्हाळपेक्षा एक पायरी सावळा, सोनेरी झाक. वरचा ओठ तपकिरी-जांभळट, खालचा गुलाबी-तपकिरी. फोटो कृष्णधवल केल्यावर न्यूड आणि बेबी पिंक दोन्हींत ओठ गालापेक्षा स्पष्ट फिकट आले. मरूनमध्ये ओठ केसांइतके काळे. म्हणजे तिन्ही लिपस्टिक्स दोन टोकांना होत्या आणि मधला सगळा पट्टा, जो तिचा होता, तो रिकामा.

नवीन किती घ्यायच्या? दोन गोष्टी पुरल्या. एक विटकरी-तपकिरी लिप पेन्सिल आणि एक डाळिंबी लिपस्टिक, सॅटिन फिनिशची, म्हणजे फार मॅटही नाही आणि ग्लॉससारखी ओलीही नाही.

ऑफिससाठी तिनं जुनी न्यूडच वापरली, पण वेगळ्या पद्धतीनं. आधी लिप बाम लावून दहा मिनिटं ठेवला आणि मग टिश्यूनं पूर्ण टिपून काढला. बाम राहिला तर पेन्सिल घसरते. मग विटकरी पेन्सिलनं फक्त कडा न आखता अख्खे ओठ भरले, वरच्या ओठावर एक हात, खालच्या ओठावर दोन. खालचा ओठ फिकट असल्यामुळे त्याला जास्त रंग लागतो, तेव्हा कुठे दोन्ही सारखे होतात. त्यावर न्यूड फक्त खालच्या ओठाच्या मधोमध, बोटानं थोपटून. ओढायची नाही, थोपटायची. आता न्यूडमधलं पांढरं तपकिरी-जांभळट ओठावर न बसता विटकरी थरावर बसलं आणि राखाडीऐवजी एक मऊ, मातकट गुलाबी रंग आला. तीच लिपस्टिक, खालचा थर बदलला. बेबी पिंकचीही हीच युक्ती करता येते, पण तिच्याखाली पेन्सिल जरा बोराच्या रंगाची हवी.

बँकेत हे दुपारच्या डब्यापर्यंत टिकलं. डबा खाल्ल्यावर मधला भाग गेला, पण पेन्सिलचा तळ राहिला, त्यामुळे कडेला रेघ आणि मधे उघडे ओठ असा प्रकार झाला नाही. ऑफिससाठी पेन्सिल पूर्ण भरण्याचा हा खरा फायदा. दर दोन तासांनी आरसा काढायला काउंटरवर कुणाला वेळ असतो?

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आधीचं सगळं काढलं. याच्यात आळस नको. दिवसभराच्या थरावर, वाळलेल्या कातडीवर नवीन लिपस्टिक लावली तर अर्ध्या तासात ती चिरा पडून खपल्या धरते. दोन थेंब खोबरेल तेल, मिनिटभर थांबून ओल्या कापसानं पुसलं, मग परत बाम, परत टिपणं.

आता साडी मोरपंखी, मग लिपस्टिक साडीच्या काठासारखी राणी घ्यावी असं तिच्या आईचं म्हणणं होतं. मावशीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दाट राणी रंग आपल्या वर्णाला खुलतो, त्यात दुधाळपणा नसला तर. पण काठ राणी, ओठ राणी, कपाळावर टिकली राणी, की सगळं एका सेटमधून काढल्यासारखं दिसतं. शिवाय तिचा वर्ण सोनेरी, डोळ्यांखाली थोडी वर्तुळं, राणीतला निळा अंश ती वर्तुळं वर काढतो. डाळिंबी मधोमध बसतो. लाल आहे म्हणून चेहरा उजळतो, किंचित गुलाबी आहे म्हणून काठाशी नातं सांगतो. आणि हॉलच्या पिवळ्या दिव्यांत तो मावळत नाही, उलट थोडा पेटतो.

लावताना तीच विटकरी पेन्सिल, यावेळी फक्त कडेला आणि वरच्या ओठाच्या कोपऱ्यांत. त्यावर डाळिंबीचा एक पातळ थर, टिश्यूनं टिपला. ओठांवर टिश्यूचा एक पदर ठेवून त्यावरून ब्रशनं चिमूटभर लूज पावडर, आणि मग दुसरा थर. पावडर थेट ओठांवर टाकली तर पुन्हा तोच खडूसारखा थर येतो, म्हणून मधे टिश्यू. फोटोंसाठी ग्लॉस लावू का, असं तिनं विचारलं. फ्लॅशमध्ये ग्लॉसचा एक पांढरा ठिपका येतो आणि ओठ तेलकट दिसतात, म्हणून नको म्हटलं. सॅटिनची चमक पुरे.

आणि ती काळपट मरून? तीही वाया गेली नाही. डाळिंबीखाली ओठांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत बोटानं जराशी लावली की ओठांना आकार येतो. एकटी लावण्यासाठी ती दिवसाच्या उजेडातली शेड आहे, संध्याकाळची नव्हे. दुकानदार नेमकं उलटं सांगतात.

जेवणाच्या पंगतीत

'ट्रान्सफर-प्रूफ' लिक्विड मॅट लिपस्टिक चहाच्या कपाला लागत नाही हे बहुतेक वेळा खरं असतं. पण तिला पाण्याचं भय नसलं तरी तेलाचं असतं. पुरी, पनीरची भाजी, तूप घातलेला वरणभात झाला की ती ओठांच्या आतल्या कडेपासून विरघळायला लागते आणि मधे एक फिकट गोल पडतो. त्यावर तीच लिक्विड परत लावली तर नव्या-जुन्या थराच्या गुठळ्या होतात. त्यामुळे जेवणावळीच्या संध्याकाळी कांडीची साधी लिपस्टिक बरी. जेवण झालं, ओठ टिपले, परत एक हात फिरवला, झालं. लिक्विड मॅट ठेवा बिनजेवणाच्या कार्यक्रमांना. चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत ती छान टिकते, पण भोपाळ-नागपूरच्या कोरड्या थंडीत ओठ फुटलेले असतील तर अजिबात नको.

शाकाहाराच्या बाबतीत काटेकोर असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. काही लाल-गुलाबी शेड्समध्ये कार्माइन असतं, जे कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढतात. बॉक्सवर ते सी.आय. ७५४७० असं लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे आपला 'किरमिजी' हा शब्दही मुळात अशाच रंग देणाऱ्या किड्याच्या अरबी-फारसी नावावरून आलाय. म्हणजे आपल्या पणजीच्या किरमिजी लुगड्याच्या नावातही तो किडा होताच. ज्यांना तो नको असेल त्यांनी 'व्हीगन' असं स्पष्ट लिहिलेली लिपस्टिक बघावी.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. ओठ जन्मापासून तपकिरी असणं वेगळं आणि एखादी नवीन लिपस्टिक सुरू केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ओठ काळवंडणं, खाजणं, सालं निघणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तिच्यातल्या एखाद्या रंगाची किंवा सुगंधाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा आणखी गडद शेडनं ते झाकत बसू नका. लिपस्टिक बंद करा, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना तो बॉक्स बरोबर न्या. डॉक्टरांना घटकांची यादी लागते.